तुमची माहिती बाहेर गेली आहे: एका पत्राचा मागोवा

मे 2021. दुसरी लाट ओसरायला नुकती सुरुवात झाली होती. विमानं जवळपास रिकामी उडत होती. त्या दिवसांत एअर इंडियाच्या जुन्या प्रवाशांना एक ईमेल आला. नागपुरात अशा प्रवाशांची कमतरता नाही. मुलगा पुण्याहून अमेरिकेला गेला, मुलगी दुबईत आहे, आणि वर्षातून एकदा मुंबई किंवा दिल्लीमार्गे तिकडे जाऊन येणारे आईवडील धरमपेठेत किंवा त्रिमूर्तीनगरात राहतात, अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. पत्रात लिहिलं होतं ते असं: तिकिटांची व्यवस्था सांभाळणाऱ्या सीटा या कंपनीच्या यंत्रणेत चोरी झाली आहे. 26 ऑगस्ट 2011 ते 3 फेब्रुवारी 2021 या काळात नोंदलेली माहिती तिच्यात सापडली आहे. जगभरातले सुमारे 45 लाख प्रवासी यात आहेत. गेलेल्या माहितीत नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टचा तपशील, तिकिटाचा तपशील आणि क्रेडिट कार्डाची माहिती आहे. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही त्या कंपनीकडे नव्हताच, त्यामुळे तो गेलेला नाही. पासवर्डही गेलेले नाहीत.

हे सगळं सांगून झाल्यावर प्रवाशांना सल्ला मिळाला: पासवर्ड बदला.

जे चोरीला गेलं नाही ते बदला म्हणायचं, आणि जे गेलं, म्हणजे जन्मतारीख आणि पासपोर्ट, त्याचं काय करायचं ते सांगायचंच नाही. मला या पत्राबद्दल राग नाही, कुतूहल आहे. आपल्याकडे इतका तपशील देणारी पत्रं तेव्हा विरळाच होती, त्यामुळे त्याला गुण द्यायलाच हवेत. पण तारखा पाहा. सीटाकडून एअर इंडियाला पहिली खबर मिळाली 25 फेब्रुवारीला. नेमके कोणते प्रवासी, हे कळलं 25 मार्च आणि 5 एप्रिलला. प्रवाशांच्या हाती पत्र पडलं ते मे महिन्यात. मधल्या काळात चोराला सगळं माहीत होतं, कंपनीला बरंचसं माहीत होतं, आणि ज्याचा पासपोर्ट त्याला काहीच माहीत नव्हतं. उशिरा कळवून कंपनीने भारतातला कायदा मोडला होता का? तर नाही. ग्राहकाला अमुक दिवसांत कळवा, असं सांगणारा कायदा भारतात तेव्हा नव्हताच.

हे पत्र लिहायची पद्धत आली कुठून, याचा माग काढला तर तो जाऊन पोचतो कॅलिफोर्नियातल्या सरकारी पगारपत्रकापाशी.

5 एप्रिल 2002 रोजी तिथल्या टील डेटा सेंटर या सरकारी संगणक केंद्रात कुणीतरी शिरलं. राज्याच्या सुमारे 2 लाख 65 हजार कर्मचाऱ्यांची नावं, पगाराचा तपशील आणि सोशल सिक्युरिटी नंबर तिथे होते. हा नंबर म्हणजे आपल्या आधार आणि पॅनचं काम एकट्याने करणारा आकडा. त्याच्या जोरावर तिकडे दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढता येतं. चोरी उघडकीला आली 7 मे रोजी, आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं गेलं मे संपता संपता. संतापाला एक खास कारण होतं. त्या पगारपत्रकात राज्याच्या आमदारांची नावंही होती. आपलीच माहिती गेली आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही म्हटल्यावर कायदा किती वेगाने धावतो, याचा हा नमुना. सिनेटर स्टीव्ह पीस आणि विधानसभेतले जो सिमिटियन यांनी मांडलेली विधेयकं त्याच वर्षी सप्टेंबरात मंजूर झाली आणि 1 जुलै 2003 पासून कायदा लागू झाला. नागरिकाची कुलूपबंद न केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात न बदललेली माहिती परक्याच्या हाती पडली, तर त्या नागरिकाला विनाकारण उशीर न लावता कळवलं पाहिजे, असं सांगणारा अमेरिकेतल्या राज्यांमधला हा पहिला कायदा.

त्याची खरी परीक्षा झाली 2005 च्या फेब्रुवारीत. अटलांटाजवळची चॉइसपॉइंट ही कंपनी लोकांची माहिती गोळा करून विकायची. ठगांनी तिच्यात घुसखोरी वगैरे काही केली नाही. खोट्या धंद्यांच्या नावाने खाती उघडली आणि रीतसर ग्राहक म्हणून माहिती विकत घेतली. कंपनीने पहिली पत्रं पाठवली ती फक्त कॅलिफोर्नियातल्या सुमारे 35 हजार लोकांना, कारण कायदा फक्त तिथे होता. मग बाकीच्या राज्यांचे सरकारी वकील विचारू लागले, आमचे लोक काय रस्त्यावर पडलेत? आकडा फुगत अखेर 1 लाख 63 हजारांवर गेला. पुढच्या वर्षी कंपनीने 1 कोटी डॉलर दंड भरला आणि पीडितांसाठी आणखी 50 लाख डॉलर बाजूला काढले. त्यानंतर एकेक राज्य असा कायदा करत गेलं. शेवटचं अलाबामा, 2018 मध्ये.

पण 2003 च्या कायद्यात एक भोक होतं, आणि पुढचा सगळा इतिहास ते बुजवण्याचा आहे. पत्र पाठवा, असं कायदा म्हणत होता. पत्रात काय लिहा, हे म्हणत नव्हता. मग कंपन्यांचे वकील पत्रं लिहू लागले. पहिला परिच्छेद कंपनीला तुमच्या सुरक्षेची किती काळजी आहे याचा, दुसऱ्यात ‘एक घटना’ घडल्याचा उल्लेख, तिसऱ्यात माहितीचा गैरवापर झाल्याचा पुरावा आढळला नाही असं वाक्य. हे वाक्य आजही जिथेतिथे दिसतं आणि ते बहुधा खरंही असतं, कारण पुरावा शोधला नसला तरी तो आढळत नाहीच. वाचणाऱ्याला शेवटी कळायचं ते एवढंच, की काहीतरी झालंय. नागपूरकर असता तर म्हणाला असता, अहो भाऊ, झालं काय ते तर सांगून राहा ना.

सिमिटियन चिवट माणूस. पत्रात काय असावं याचं विधेयक त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं, राज्यपाल श्वार्झनेगर यांनी ते परत पाठवलं, आणि अखेर पुढच्या राज्यपालांच्या काळात, 2011 मध्ये, ते मंजूर झालं. कोणत्या प्रकारची माहिती गेली, केव्हा गेली, हे लिहिणं सक्तीचं झालं. तरी वकिलांनी ते लांबलचक वाक्यांत पुरून ठेवायला कमी केलं नाही. म्हणून 2015 मध्ये आणखी एक दुरुस्ती आली, आणि ती मला सगळ्यांत गमतीची वाटते. कायद्याने थेट मथळेच ठरवून दिले: काय झालं, कोणती माहिती गेली, आम्ही काय करतो आहोत, तुम्ही काय करू शकता, अधिक माहितीसाठी. अक्षर दहा पॉइंटपेक्षा लहान नको, हेही लिहिलं. विधिमंडळाने टाइपाचा आकार ठरवावा, एवढी वेळ पत्रलेखकांनी आणली होती.

युरोपने 25 मे 2018 पासून हेच आपल्या पद्धतीने केलं. सरकारी यंत्रणेला 72 तासांत कळवायचं, आणि माणसाला धोका मोठा असेल तरच त्याला कळवायचं.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या दारातून आली. त्याला बँकेचं दार म्हणता येईल. 2016 च्या ऑक्टोबरात बातमी फुटली की एटीएमची यंत्रणा चालवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं होतं आणि सुमारे 32 लाख डेबिट कार्डं धोक्यात आली होती. स्टेट बँकेने एकटीने सहा लाखांच्या आसपास कार्डं बंद केली. कुणाला पिन बदला असा निरोप गेला, कुणाला दुसऱ्या बँकेचं एटीएम वापरू नका असा. तुमचं कार्ड नेमकं कधी, कुठल्या मशीनवर फुटलं, हे ग्राहकाला सांगणारं पत्र मात्र कुठे दिसलं नाही. नवी कार्डं हातात पडतात न पडतात तोच नोव्हेंबरची नोटाबंदी आली आणि लोक दुसऱ्याच रांगेत उभे राहिले. विषय मागे पडला.

तरी त्या वर्षाचं एक फळ राहिलं. 6 जुलै 2017 रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवलं. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कुठल्या यंत्रणेची आहे, अशा वेळी व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवलं तर त्याचं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर साध्या बचत खात्याला दहा हजार रुपयांपर्यंतचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत जमा करायची. सहकारी बँकांसाठी हेच त्याच वर्षी डिसेंबरात आलं. हे चोरीचं पत्र नव्हे, व्यवहाराचा एसएमएस आहे. पण ‘तुम्हाला कळलं’ त्या क्षणापासून घड्याळ चालू होतं ही कल्पना आपल्या लोकांना इथे पहिल्यांदा पैशांत मोजून मिळाली.

बाकी सगळं कळवणं वरच्या दिशेने होतं. 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेला सहा तासांत खबर देणं सक्तीचं झालं. ग्राहकाचं नाव त्या आदेशात नाही. नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजचं प्रकरण आठवत असेल. जानेवारी 2023 मध्ये ब्लॅककॅट नावाच्या टोळीने या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीची दोन टेराबाइट माहिती पळवल्याचा दावा केला. चोरीची बातमी जगाला पहिल्यांदा कळते ती चोराच्याच तोंडून, हा आता शिरस्ता झाला आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यांतल्या सातव्या नियमात ते कॅलिफोर्नियाचे पाच मथळे जवळपास तसेच बसले आहेत. काय, किती, केव्हा झालं. त्याचे तुमच्यावर संभाव्य परिणाम काय. आम्ही काय केलं. तुम्ही स्वतःच्या बचावासाठी काय करू शकता. आणि प्रश्न विचारायला कुणाचा नंबर. भाषा थोडक्यात, स्पष्ट, साधी हवी, आणि पाठवायचं ‘विलंब न लावता’. माहिती संरक्षण मंडळालाही विलंब न लावता कळवायचं आणि सविस्तर अहवाल 72 तासांत द्यायचा. युरोपसारखी ‘धोका मोठा असेल तरच’ ही चाळणी आपण ठेवलेली नाही. लहानशी गळती झाली तरी प्रत्येकाला पत्र. कळवलं नाही तर दंड 200 कोटी रुपयांपर्यंत. तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला छदामही मिळत नाही. ही जबाबदारी प्रत्यक्ष लागू होणार आहे नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या सुमाराला.

तेव्हा पत्र लिहायची पाळी विमान कंपन्यांवरच येईल असं नाही. धंतोली आणि रामदासपेठेत पावलापावलावर पॅथॉलॉजी लॅब आहेत. समजा त्यांतल्या एकीचे रिपोर्ट बाहेरचा सॉफ्टवेअरवाला ऑनलाइन ठेवतो आणि त्याच्या हातून तो फोल्डर उघडा राहिला. पत्र बरं लिहिलं तर असं होईल:

‘नमस्कार. 1 जानेवारी ते 28 फेब्रुवारी या काळातले आमच्याकडचे रिपोर्ट ज्या ऑनलाइन फोल्डरमध्ये होते, तो 3 ते 9 मार्च असे सात दिवस पासवर्डशिवाय उघडा होता. 9 मार्चला संध्याकाळी आम्हाला हे कळलं आणि त्याच रात्री आम्ही तो बंद केला. 6 मार्चला बाहेरच्या कुणीतरी तो पूर्ण उतरवून घेतल्याची नोंद आहे. तुमचं नाव, वय, मोबाइल नंबर, डॉक्टरांचं नाव आणि 14 फेब्रुवारीचा एक रिपोर्ट त्यात होता. आधार क्रमांक, घरचा पत्ता आणि बँकेची माहिती नव्हती. ही माहिती वापरून कुणी तुम्हाला लॅबच्या, डॉक्टरांच्या किंवा विमा कंपनीच्या नावाने फोन करू शकतं. त्याला तुमच्या तपासणीची तारीख माहीत असेल, म्हणून तो खरा असेलच असं नाही. आम्ही फोनवर पैसे किंवा ओटीपी मागत नाही. या पत्रात कोणतीही लिंक नाही. शंका आल्यास तुमच्या जुन्या पावतीवरच्या नंबरवर फोन करा. पैसे गेले तर लगेच 1930 या नंबरवर कळवा.’

यातल्या काही जागा मुद्दाम अशा आहेत. रिपोर्ट कशाचा होता, हे पत्रात लिहिलेलं नाही. नोंदवलेला मोबाइल बऱ्याच घरांत मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि गर्भचाचणीचा किंवा एचआयव्हीचा रिपोर्ट असेल तर गळतीने जे नुकसान केलं नाही ते पत्रच करून बसेल. तारीख दिली की ज्याचं त्याला कळतं. ‘उतरवून घेतल्याची नोंद आहे’ हे वाक्य लॅबच्या वकिलाला आवडणार नाही. पण उघडं राहणं वेगळं आणि कुणीतरी घेऊन जाणं वेगळं, आणि वाचणाऱ्याने किती घाबरायचं हे त्या फरकावर ठरतं. नोंदी तपासूनच झाल्या नसतील तर तसंच लिहावं: कुणी घेतलं का, ते आम्ही अजून सांगू शकत नाही.

लिंक नसण्याचं कारण उघड आहे. गळतीची बातमी आली की दोन दिवसांत तिच्याच नावाने खोटे संदेश फिरू लागतात: तुमचं खातं सुरक्षित करण्यासाठी इथे टिचकी मारा. खरं पत्र ओळखायची खूण म्हणून ‘आम्ही काही मागत नाही’ हे लेखी असलं, की मागणारा आपोआप खोटा ठरतो.

आणि परिणामांचा परिच्छेद. अमेरिकेतल्या पत्रांत वर्षभर फुकट क्रेडिट-देखरेख देऊ केलेली असते, कारण तिकडचा मोठा धोका तुमच्या नावावर कुणी कर्ज काढण्याचा. आपल्याकडे पॅन गेला असेल तर हा धोका आहेच, आणि सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो तो मागवून पाहावा. आधार क्रमांक गेला असेल तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक कुलूप लावता येतं. कार्ड गेलं तर नंबरच बदलून घ्यायचा. पासवर्ड गेला तर तो जिथे जिथे वापरलाय तिथे सगळीकडे बदलायचा. पण आपल्याकडे चोरलेल्या माहितीचा सर्रास उपयोग होतो तो फोन करायला. समोरचा माणूस तुमच्या डॉक्टरांचं नाव घेतो, गेल्या महिन्यातली तपासणी सांगतो, आणि तिथेच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. असा फोन आला तर तो कसा वाजेल, हे पत्राने आधीच ऐकवायला हवं. ‘सावध राहा’ म्हटल्याने कुणी सावध होत नाही.

एअर इंडियाच्या पत्रातला घोळ आता नीट दिसतो. बदलता येणाऱ्या गोष्टींसाठी सल्ला देणं सोपं असतं, म्हणून तो तेवढाच दिला जातो. जन्मतारीख, आजार, वडिलांचं नाव बदलता येत नाही. त्याबाबत पत्र एवढंच करू शकतं: ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही, तेव्हा ती सांगणाऱ्याला तेवढ्यावरून ओळखीचा मानू नका, असं सांगणं. जन्मतारीख विचारून ग्राहकाची ओळख पटवणाऱ्या आपल्या बँकांना आणि विमा कंपन्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं.

भाषेचा एक मुद्दा राहतो, आणि तो मला कायद्यातच खटकतो. माहिती घेताना संमतीसाठी जी सूचना दाखवायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय देणं कायद्याने बंधनकारक केलं आहे. म्हणजे मराठीतही. माहिती गेल्यावरच्या पत्रासाठी मात्र फक्त ‘स्पष्ट आणि साधी’ एवढीच अट आहे. सही घेताना मराठी आणि चोरी झाल्यावर इंग्रजी, असं करायला आज कुणालाही मुभा आहे. काटोलच्या किंवा उमरेडच्या रुग्णाला धंतोलीच्या लॅबचं पत्र कोणत्या भाषेत मिळेल, हे मे 2027 नंतरही लॅबवाल्याच्या मर्जीवर असेल, किंवा मंडळ ‘स्पष्ट’ याचा अर्थ काय लावतं त्यावर.